तंबू खेळण्यातला का वाटतो? थ्रीडी प्रॉडक्ट व्हिज्युअल शिकणाऱ्यांसाठी

बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी थ्रीडी व्हिज्युअलचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या कामांत ट्रेकिंगचं सामान बनवणाऱ्या ब्रँडचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं आणि नवख्यांना तेच सगळ्यात जास्त छळतं. तंबूचं सॅम्पल शिवून यायच्या आधीच कॅटलॉगचं चित्र लागतं, म्हणून पॅटर्नच्या फायलींवरून तंबू कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि खऱ्या डोंगरधारेच्या फोटोत बसवायचा. शेजारी एक सॅक, दोन काठ्या, गॅसचा छोटा स्टोव्ह. ऐकायला सोपं आहे. पण पहिलं चित्र पाठवलं की क्लायंटकडून हमखास एकच शेरा येतो: "छान आहे, पण खेळण्यातला वाटतोय." कधी उलटं होतं आणि दोन माणसांचा तंबू लग्नाच्या मांडवाएवढा दिसतो. मॉडेल दोन्ही वेळेला बरोबर असतं. घोळ असतो तो मापात आणि हवामानात, म्हणून इथे तेवढंच लिहितो. सॉफ्टवेअर कसं शिकायचं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत.

आधी मांडव कसा होतो ते बघू. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या खानापूरच्या एका मुलीची फाईल डोळ्यासमोर ठेवून सांगतो. फोटो कणकुंबीच्या बाजूच्या एका सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ माळावरचा, जमीनमालकाला विचारून काढलेला. (भीमगडच्या अभयारण्यात असं परस्पर शिरायचं नाही, तिथे वनखात्याची परवानगी लागते.) फोटो काढताना कॅमेरा जमिनीपासून १५० सेंमी उंचीवर होता. तंबू २१० सेंमी लांब, १४० सेंमी रुंद, ११५ सेंमी उंच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तिने कॅमेरा ६० सेंमीवर ठेवला, कारण खालून बघितलं की तंबू रुबाबदार दिसतो. मग तंबू पुढे-मागे सरकवत नजरेला बरा वाटेल तसा फोटोत बसवला.

इथे एक साधं भूमितीचं सूत्र कामाला येतं. कॅमेऱ्याच्या उंचीवर एक आडवी पातळी कल्पा; चित्रात ती एका आडव्या रेषेसारखी दिसते. सपाट जमिनीवरची कुठलीही वस्तू, जवळची असो की लांबची, त्या पातळीला आपल्या उंचीच्या त्याच ठिकाणी छेदते. कॅमेरा १५० वर असेल तर ११५ चा तंबू त्या रेषेच्या खालीच राहणार. तळापासून रेषेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या पाऊण भागापर्यंतच त्याचं टोक पोचणार. तिच्या चित्रात मात्र ती रेषा तंबूच्या साधारण मध्यातून जात होती, कारण तिचा कॅमेरा ६० वर होता. बघणाऱ्याला हे गणित येत नाही, पण त्याचा डोळा ते करतो. फोटोतलं गवत आणि दगड त्याला सांगतात की कॅमेरा उभ्या माणसाच्या हनुवटीच्या आसपास आहे. मग ज्या वस्तूच्या मध्यातून ती रेषा जाते ती जवळजवळ तीन मीटर उंच असणार. झाला मांडव. कॅमेरा १५० वर नेल्याबरोबर तंबू जागेवर बसला. मॉडेलला हातसुद्धा लावावा लागला नाही. रुबाबदार खालचा कोनच हवा असेल तर फोटोही खालूनच काढून आणायचा.

डोंगरधारेवर यात दोन फसगती होतात. पहिली म्हणजे समोरच्या डोंगरांची कड ही आपली रेषा धरणं. समोरचा डोंगर आपल्यापेक्षा उंच असेल तर त्याची कड रेषेच्या वर जाते, खालचा असेल तर खाली राहते. म्हणून फोटो काढताना कॅमेरा लेव्हल करून एक फोटो जास्तीचा घ्यायचा. त्यात रेषा बरोब्बर मधोमध असते. दुसरी फसगत जमिनीची. सडा सपाट दिसतो, पण नसतो. कॅमेऱ्याच्या पायापेक्षा तंबूची जागा ३० सेंमी खाली असेल तर तंबूच्या हिशेबाने कॅमेरा १८० वर आहे, आणि मग तंबूचं टोक पाऊण भागाऐवजी दोन तृतीयांशाच्याही थोडं खालीच थांबतं. हा फरक मोजायला मी गवंड्यांची पाण्याची नळी नेतो. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक तिपाईला धरायचं, दुसरं तंबूच्या जागी काठीला लावायचं आणि दोन्हीकडची पाण्याची पातळी जमिनीपासून किती वर आहे ते टेपने मोजायचं. पहिल्यांदा बघणारे हसतात, पण दोन मिनिटांत मिळालेलं हे माप नंतरचे कित्येक तास वाचवतं.

आता खेळण्याकडे. तंबू खेळण्यातला वाटायला बहुतेक वेळा पार्श्वभूमीचा धूसरपणा कारणीभूत असतो. मोबाईलच्या पोर्ट्रेट फोटोंमुळे सगळ्यांना वाटतं की मागचं धूसर केलं की चित्र भारी दिसतं. पण पाच मीटरवरचा तंबू २४ मिमीच्या लेन्सने, एफ/८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून टिपला, तर फोकस नीट लावल्यावर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/२.८ वरसुद्धा मागचे डोंगर किंचितच मऊ पडतात. ब्लेंडरमध्ये मात्र `F-Stop` च्या चौकटीत ०.५ एवढं अवाढव्य छिद्र लिहिलं तरी ते मुकाट्याने ऐकून घेतं. मग डोंगर विरघळतात आणि डोळा उलटा निष्कर्ष काढतो: एवढी उथळ स्पष्टता फक्त वीतभर अंतरावरून काढलेल्या फोटोत असते, म्हणजे तंबू तळहाताएवढा आहे.

दुसरा दोष कापडाचा. तंबूच्या रिपस्टॉप कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे असतात, त्यामुळे बारीक चौकटी दिसतात. साधारण ५ मिमीच्या धरा. आमच्याकडे शहापूर-वडगावात मागावर कापड विणणारी माणसं आहेत. तशा एका काकांना मी रेंडर दाखवलं, तर स्क्रीनवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे कापड न्हवं गा, गोणपाट हाय." बरोबर होतं त्यांचं. चित्रात तंबूची लांबी १६०० पिक्सेल धरली, तर एक पिक्सेल म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, आणि ५ मिमीची चौकट जेमतेम चार पिक्सेल. म्हणजे ती मोजता येता कामा नये. नुसता पोत जाणवला पाहिजे. ज्या रेंडरमध्ये चौकटी लांबून मोजता येतात तिथे टेक्श्चर पाच-सहापट मोठं लागलेलं असतं. सुरकुत्यांचंही तसंच. बाहुलीच्या तंबूला मोजक्या, जाड घड्या पडतात. खऱ्या तंबूला दांड्यांमध्ये ताण असतो आणि बारीक चुण्या फक्त शिवणीजवळ आणि दोऱ्या बांधलेल्या कोपऱ्यांशी दिसतात. पॅटर्नच्या फाईली अनेकदा मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा आत आणल्याबरोबर लांबी २.१ मीटर दिसतेय का ते बघायचं, `Ctrl+A` ने स्केल पक्कं करायचं आणि मगच कापडाचं सिम्युलेशन लावायचं. माप चुकलेलं असेल तर वाराही चुकीचा लागतो.

वाऱ्यावरून हवामान आलं. या भागात क्लायंटची मागणी ठरलेली असते: धुकंही पाहिजे आणि उन्हाची तिरीपही. हे अशक्य नाही. पावसाळा सरता सरता गोव्याच्या बाजूने धुकं दरीतून वर येतं आणि पश्चिमेला ढग फाटले की धारेवर ऊन पडतं. पण मग सगळ्या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास इथे सूर्य क्षितिजापासून साधारण १३ अंशांवर असतो. त्या उन्हात ११५ सेंमीच्या तंबूची सावली सपाट जमिनीवर पाच मीटर लांब पडते. एवढी लांब सावली फ्रेममध्ये मावत नाही म्हणून ती छोटी करून ठेवलेली मी पाहिलीय. मग ऊन दुपारचं आणि रंग संध्याकाळचा, असं विचित्र काहीतरी तयार होतं.

धुक्याचा हिशेब करता येतो, ही गोष्ट फार कमी नवख्यांना माहीत असते. हवेत दृश्यता किती मीटर आहे ते ठरवा, ३.९१२ ला त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल ते `Volume Scatter` च्या `Density` मध्ये लिहा, रंग पांढरा ठेवा. सीन मीटरमध्ये असला पाहिजे, ही अट. दृश्यता दोन किलोमीटर धरली तर

```
3.912 / 2000 = 0.00196
```

या धुक्यात ८०० मीटरवरच्या धारेचा जेमतेम पाचवा हिस्सा उठाव शिल्लक राहतो. ती फिकट सावलीसारखी दिसते. पाच मीटरवरच्या तंबूवर मात्र एक टक्कासुद्धा परिणाम होत नाही. नवखे नेमके इथे चुकतात. "धुकं दिसत नाही" म्हणून घनता वाढवत नेतात, तंबू पांढुरका होतो आणि मागची धार तरी दिसतच असते, कारण ती फोटोतली आहे, तिच्यावर धुकं लागलेलंच नाही. तंबूच पांढुरका पडण्याइतकं धुकं असेल तर दृश्यता शंभर मीटरच्या आतच उरते. मग धार दिसताच कामा नये आणि सावलीही नको. तंबूभोवती एखादा पुंजका हवाच असेल तर तो वेगळा, छोट्या घनात करा आणि वाऱ्याच्या दिशेने ओढलेला ठेवा.

ती दिशा गवत, दोऱ्या आणि कापड या तिघांनी एकच सांगितली पाहिजे. वारा पश्चिमेचा असेल तर त्या बाजूचं कापड आत दबतं, दोऱ्या ताठ होतात; पलीकडचं कापड फुगतं, त्या दोऱ्या किंचित ढिल्या दिसतात. जाणता ट्रेकर तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे करतो, आणि कॅटलॉग बघणारे बरेचसे तेच असतात, त्यामुळे आडवा लावलेला तंबू त्यांना लगेच खटकतो. नुकता पाऊस पडून गेलाय म्हणायचं तर जांभा दगड गडद आणि चकचकीत, खळग्यांत पाणी, तंबूवर थेंब मण्यांसारखे उभे. नवीन कापडाला पाणी चिकटत नाही, म्हणून अख्खा तंबू ओलागच्च दाखवणं म्हणजे ब्रँडचा माल जुना आहे असं सांगणं. एका ब्रँडच्या माणसाने एवढ्याच कारणाने चित्र परत पाठवलेलं मी पाहिलंय आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

नोकरीसाठी काम दाखवताना दहा चित्रं नेऊ नका. एकच तंबू, एकच धार न्या, आणि सोबत रंग न दिलेलं राखाडी रेंडर व जागेवर टिपलेली मापं ठेवा: कॅमेऱ्याची उंची, लेन्स, जमिनीतला फरक, तारीख-वेळ, वाऱ्याची दिशा. मी मुलाखत घ्यायला बसलो की पहिलं विचारतो, "कॅमेरा किती उंचीवर होता?" ज्याला हे लगेच सांगता येतं, त्याला बाकीचं मी शिकवू शकतो.