सिकलसेल असलेल्या कर्मचाऱ्याचं टार्गेट आणि रिव्ह्यू: या चुका टाळा

विदर्भातल्या ऑफिसांमध्ये सिकलसेलचा एखादा कर्मचारी असणं नवं नाही. अडचण येते ती त्याचं काम मोजताना. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या माणसाचे तीन आठवडे अगदी नीट जातात आणि चौथ्यात क्रायसिस येतो: हाडं-सांध्यांत असह्य दुखणं, काही दिवस घरी किंवा दवाखान्यात, आणि परतल्यावरही थोडे दिवस थकवा. पाणी कमी पडणं, थंडी, ताप-संसर्ग, अतिश्रम ही नेहमीची कारणं. कधी कधी काहीच कारण सापडत नाही. (एएस पॅटर्न म्हणजे वाहक. त्याला सहसा असा त्रास होत नाही, म्हणून दोघांना एकाच मापात धरू नका.) पुढचा महिना कसा जाईल हे कर्मचाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि आपलं टार्गेट तर महिन्यावर बांधलेलं असतं.

उदाहरण म्हणून नागपुरातल्या एका हिशेब विभागाचं कल्पित गणित मांडू. काम आहे पुरवठादारांची बिलं तपासून नोंदवण्याचं, दिवसाला २० बिलं. त्या टेबलवरच्या सिकलसेल असलेल्या कर्मचारी बाईंची तिमाही अशी आहे.

एप्रिल: कामाचे दिवस २२, सगळे हजर, बिलं ४६२.
मे: कामाचे दिवस २१, त्यांतले ६ रजेवर, परतल्यावरचे ४ दिवस अशक्तपणाचे, बिलं २५०.
जून: कामाचे दिवस २२, एक दिवस रजा, बिलं ४३०.

चूक १: महिन्याचा टक्का काढून शेरा मारणं

नेहमीच्या पद्धतीने एप्रिल १०५ टक्के, मे ६० टक्के, जून ९८ टक्के. 'एकाही महिन्यात ७० टक्क्यांच्या खाली नको' असा नियम असेल, तर मे महिना तिमाहीचा इन्सेन्टिव्ह आणि वर्षाचं रेटिंग दोन्ही घेऊन जातो. चूक भागाकारात आहे. भागायचं ते काम करण्याजोग्या दिवसांनी, आणि भागलं कॅलेंडरने.

रजेचे दिवस आधी हिशेबातून काढा. परतल्यावरचे अशक्तपणाचे दिवस अर्धे धरा. मे महिन्यात मग उरतात ११ पूर्ण दिवस आणि ४ अर्धे, म्हणजे १३. एप्रिलचे २२ आणि जूनचे २१ मिळवले की ५६ दिवस, टार्गेट ११२० बिलं. प्रत्यक्षात झाली ११४२. माणूस तोच, काम तेच, पण आता टक्का १०२.

हा नियम वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. साहेबांनी महिनाअखेरीला 'जाऊ द्या, तुमचे पन्नास कमी करतो' म्हणणं म्हणजे मेहेरबानी झाली. साहेब बदलले की तीही जाते, आणि टीममध्ये कुजबुज सुरू होते ती वेगळीच. लिहिताना तीन गोष्टी पक्क्या करा. अर्धा दिवस कोण जाहीर करणार? स्वतः कर्मचारी, त्याच सकाळी एका ओळीच्या मेसेजने. किती दिवसांपर्यंत विचारणा नाही? समजा एका क्रायसिसमागे पाच. त्यापुढे? डॉक्टरांची चिठ्ठी, तीही फक्त 'हलकं काम, अमुक तारखेपर्यंत' एवढ्यापुरती. रक्ताचे रिपोर्ट मागायचं कारण नाही.

चूक २: चांगल्या महिन्यावरून टार्गेट ठरवणं

ही चूक सहज दिसत नाही आणि म्हणूनच ती जास्त महाग पडते. आजारातून उठलेला माणूस 'माझ्यामुळे काम अडलं' या ओशाळेपणाने उशिरापर्यंत बसतो, डबा पुढे ढकलतो, पाणी प्यायला उठत नाही आणि महिन्याला ५०० बिलं काढतो. मॅनेजरला वाटतं, हीच याची खरी कुवत. पुढचं टार्गेट त्यावर बसतं, आणि अतिश्रम व पाण्याची कमतरता पुढच्या क्रायसिसला आमंत्रण देतात.

ओळखायचं कसं? रजेनंतरच्या दहा दिवसांतली लॉगआउटची वेळ पाहा. रोज सात-साडेसात दिसत असेल, तर ती भरपाई चालली आहे. उपाय आजारपण सुरू होतानाच करायचा. रजेच्या दुसऱ्या दिवशी साचलेली बिलं टीममध्ये वाटून टाका आणि ती परत त्यांच्या टेबलावर येऊ देऊ नका. दर ठरवताना चांगल्या दिवसांची सरासरी घ्या, सर्वात चांगला दिवस नको. आणि एक साधी गोष्ट: खुर्ची एसीच्या थेट झोतात नको, हाताशी पाण्याची बाटली हवी. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत एसीचा गारठा, दोन्ही त्यांना सोसत नाहीत.

चूक ३: दर्जाची अटही सैल करणं

संख्येत सवलत द्या, अचूकतेत नको. ११४२ पैकी परत आलेली बिलं ९ असतील तर ती ९ च लिहा. अशक्त दिवसांची बिलं दुसऱ्याकडून एकदा नजरेखालून घाला म्हणजे झालं. दयेपोटी सोपी बिलं, छोटे पुरवठादार एवढंच त्यांच्याकडे ठेवलं, तर वर्षाअखेरी तुम्हीच लिहाल, 'मोठी जबाबदारी पेलल्याचं दिसत नाही.'

तारखेला बांधलेलं काम मात्र या हिशेबात बसत नाही. मासिक जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख कुणासाठी थांबत नाही. असं काम पहिल्यापासून दोन हातांत ठेवा, आतली तारीख तीन दिवस आधीची धरा, आणि कर्मचाऱ्याला जोखा ते काम कुठवर आलंय याची नोंद दुसऱ्याला लगेच उचलता येईल अशी होती का, यावर.

चूक ४: रिव्ह्यूच्या कागदावर आजार लिहिणं

'आजारपण असूनही चांगलं काम' हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण ते फाइलमध्ये राहतं आणि बढतीच्या वेळी आधी तेच वाचलं जातं. त्याऐवजी: 'मोजलेल्या ५६ दिवसांत ११४२ बिलं, परत आलेली ९. पुढच्या तिमाहीत नव्या पुरवठादारांची नोंदणी हाताळणार.' हजेरी हा वेगळा रकाना आहे. मंजूर रजेचे गुण एकदा तिथे कापून पुन्हा कामगिरीत कापले, तर तीच शिक्षा दोनदा होते. बैठकही क्रायसिसनंतरच्या पहिल्या आठवड्यात ठेवू नका.

सिकलसेल हे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या यादीत आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हे त्या कायद्याच्या भेदभावाच्या व्याख्येत येतं. समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही लागू आहे. वरचा लेखी नियम त्यातच घाला.

आजारामुळे नाही, मुळात कामातच कमी पडत असेल तर?

तशी शंका असेल तर फक्त पूर्ण दिवस वेगळे काढा. त्या दिवसांचा दर १९-२० असेल तर घसरण आजाराची आहे. पूर्ण दिवसांतही दर १३-१४ वर अडकला असेल, किंवा चुका चांगल्या दिवसांतच वाढत असतील, तर कारण प्रशिक्षणात, सॉफ्टवेअरमध्ये किंवा माणसाच्या कामात आहे, आणि ते इतर कुणालाही सांगाल तसंच स्पष्ट सांगा. दर शाबूत आहे, पण सलग दोन तिमाही पूर्ण दिवसच निम्म्याहून कमी भरताहेत, असं झालं तर टार्गेट आणखी कापत बसू नका. तिथे आठवड्याचे तास, घरून काम किंवा वेगळं टेबल, याबद्दल त्यांच्याशीच बसून बोला.