संशोधनाचा खर्च, विकासाचा खर्च आणि मधली तारीख

नवं उत्पादन घडवताना झालेला खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात टाकायचा, की मालमत्ता म्हणून ताळेबंदात न्यायचा? छोट्या कंपन्यांत हा प्रश्न बऱ्याचदा मार्चअखेरीस, नफा किती दिसतोय हे पाहून निघतो. चूक तिथंच होते, कारण याचं उत्तर नफ्यावर नाही तर एका तारखेवर ठरतं. ही तारीख कशी शोधायची ते लेखांकन मानक २६ (एएस २६) धरून पाहू. मोठ्या कंपन्यांचं इंड एएस ३८ या मुद्द्यावर जवळपास तेच सांगतं.

समजा, नाशिकची एक छोटी कंपनी द्राक्षबागेवर भुरी येण्याआधी इशारा देणारं सॉफ्टवेअर तयार करते आहे. विकत घेतलेलं नाही, घरचंच काम. २०२४-२५ मध्ये त्यावर ४२ लाख रुपये गेले.

पहिल्यांदा संशोधन वेगळं काढा. एप्रिल ते ऑगस्ट कंपनीने हवामानाची आकडेवारी गोळा केली आणि आर्द्रता, तापमान यांवरून रोगाचा अंदाज बांधता येतो का, हे चार-पाच पद्धतींनी तपासलं. खर्च १४ लाख. उत्पादन निघेल की नाही हेच माहीत नसताना केलेला हा शोध, म्हणून सगळा खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात. इथे पर्याय नाही. एखादं काम संशोधन की विकास हे सांगताच येत नसेल, तर तेही संशोधनच धरायचं.

मग सहा अटी तपासा. सप्टेंबरपासून एक पद्धत नक्की झाली, नमुना बनू लागला. हे काम विकासाचं आहे, पण तेवढ्यावर खर्च ताळेबंदात जात नाही. काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतं, ते पूर्ण करायचा इरादा आहे, झाल्यावर वापरता किंवा विकता येईल, त्यातून पैसा कसा मिळेल हे दाखवता येतं, शेवटाला नेण्याएवढी माणसं आणि पैसा आहे, आणि त्यावरचा खर्च वेगळा मोजता येतो, हे सहाही मुद्दे एकाच वेळी दाखवता आले पाहिजेत. पाच जमले आणि एक राहिला, तर खर्च अजून नफा-तोटा पत्रकातच.

आपल्या कंपनीचं गाडं पैशावर अडलं होतं. नमुन्याची बागेतली चाचणी नोव्हेंबरात पार पडली, कृषिसेवा देणाऱ्या दोन कंपन्यांनी खरेदीची तयारी लेखी कळवली, पण बँकेचं कर्ज मंजूर झालं १ डिसेंबरला. त्याच दिवशी संचालक मंडळाने ठराव केला. म्हणून तारीख १ डिसेंबर. सप्टेंबर ते नोव्हेंबरचे ८ लाख विकासाचे असूनही खर्चातच राहिले. पुढे सॉफ्टवेअर कितीही चाललं तरी ते मागे जाऊन मालमत्तेत ओढता येत नाहीत. लोकांना ही अट जाचक वाटते. मला ती योग्य वाटते, कारण निकाल कळल्यावर हिशेब बदलायची वाट ती बंद करते.

तारखेनंतरचाही प्रत्येक रुपया मालमत्तेत जात नाही. डिसेंबर ते मार्च २० लाख खर्च झाले. त्यातले प्रोग्रामरांचे पगार १३ लाख, सर्व्हरचं भाडं २ लाख आणि चाचण्यांचे दीड लाख, असे साडेसोळा लाख थेट सॉफ्टवेअर घडवण्याचे. विक्रीच्या लोकांचं प्रशिक्षण १ लाख, जाहिरात दीड लाख आणि मुख्य कार्यालयाचा सर्वसाधारण खर्च १ लाख, हे साडेतीन लाख बाहेर. म्हणजे ४२ पैकी साडेपंचवीस लाख खर्च आणि साडेसोळा लाख ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’.

या १३ लाखांवर लेखापरीक्षकाचं बोट हमखास पडतं. प्रोग्रामर जुन्या ग्राहकांच्या तक्रारीही सोडवत असतात, मग त्यांचा पूर्ण पगार इथे कसा? उत्तर तासांच्या नोंदीत हवं: ‘१२ डिसेंबर, इशारा विभाग, ५ तास, जुनी दुरुस्ती, ३ तास.’ अशी नोंद रोजच्या रोज हवी. मार्चमध्ये आठवून भरलेला तक्ता लगेच ओळखू येतो, कारण त्यात सगळ्यांचे तास सारखेच असतात.

शेवटी, खर्च हळूहळू उतरवा. एप्रिल-मेमध्ये आणखी साडेतीन लाख लागले आणि १ जून २०२५ ला सॉफ्टवेअर वापरण्याजोगं झालं. एकूण किंमत २० लाख. आयुष्य ४ वर्षं धरलं तर वर्षाला ५ लाख, आणि पहिल्या वर्षी दहा महिन्यांचे सुमारे ४ लाख १७ हजार. मोजणी वापरण्याजोगं झाल्याच्या दिवसापासून, पहिली विक्री कधी का होईना. एएस २६ नुसार आयुष्य सहसा १० वर्षांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि सॉफ्टवेअरला तर तेवढंही फार होतं.

काम रखडलं आणि दोन्ही खरेदीदारांनी मागे पाऊल घेतलं, तर मालमत्तेतून खरोखर किती वसूल होईल हे पुन्हा मोजून उरलेली रक्कम तोट्यात टाकावी लागते. तयार व्हायच्या आधी ही तपासणी दरवर्षी करायचीच असते. आयकरातली वजावट मात्र आयकर कायद्याने ठरते, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा मांडा.