स्लॅबचा हप्ता पावसाळ्याच्या तोंडावर उचलू नका

घरकर्ज टप्प्याटप्प्यानं मिळतं, तेव्हा जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज लागतं. त्याला प्री-ईएमआय म्हणतात. समजा, 12 लाख मंजूर आहेत, व्याज 9 टक्के. जोत्यापर्यंत 3 लाख उचलले, तर महिन्याला 2,250 रुपये. स्लॅबसाठी आणखी 4 लाख घेतले की 5,250. यातून मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. खात्याचा उतारा काढला की लगेच दिसतं.

आपल्याकडे मृग लागला की मजूर पेरणीला जातात, रेतीही मिळेनाशी होते. मे महिन्यात उचललेले 4 लाख चार महिने नुसते पडून राहिले, तर 12,000 रुपये व्याज फुकट जातं. काम दसऱ्यानंतर होणार असेल, तर पैसेही तेव्हाच उचला.

पूर्ण हप्ता साधारणपणे शेवटची रक्कम मिळाल्यावर सुरू होतो. वीस वर्षांसाठी तो इथे सुमारे 10,800 येईल. पण बऱ्याच बँका मुदत घालतात: ती संपली की घर अर्धवट असलं तरी हप्ता सुरू. ती तारीख मंजुरीपत्रात शोधा, सापडली नाही तर शाखेतून लेखी घ्या. हप्ता कापसाचा पैसा हाती येण्याआधीच सुरू होणार असेल, तर सही करण्यापूर्वीच मुदत वाढवून मागा.