‘सॉरीऽऽऽ’ म्हणून राग वाढवू नका: चॅटवरच्या या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेत माझी डब्यांची मेस आहे. सगळा व्यवहार फोनवरच्या चॅटवर चालतो आणि उत्तरं द्यायला कॉलेजची पोरं-पोरी येतात. नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात त्याच त्या चुका करतो. समजावायला गेलं की उत्तर ठरलेलं, “ताई, सगळे असंच लिहितात.”

यातली माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे ताणलेली माफी. मे महिन्यातली दुपार. एका काकूंचे तीन डबे चुकून दुसऱ्याच गल्लीत गेले. सव्वा वाजता त्यांनी विचारलं, ‘डबे कुठे आहेत?’ आमच्या नव्या मुलीनं लिहिलं, `Soooo sorryyyy kaku!!!` दोन मिनिटांत मला फोन आला. “इकडे पोट्टे उपाशी बसून राहिले अन् तुमची पोरगी गाणं म्हणून राहिली का?”

मुलगी रडवेली झाली. तिच्या हिशेबानं चार `o` म्हणजे चौपट सॉरी. पण अक्षरं ताणणं ही बोलण्याच्या सुराची नक्कल असते, आणि आपण सूर लांबवतो तो बहुतेक वेळा लाडात, कौतुकात, थट्टेत. मैत्रिणीचं पुस्तक घरी विसरलं तर ‘सॉरीऽऽ’ गोड वाटतं. भुकेल्या माणसाला त्यातली माफी ऐकू येत नाही, लाडिकपणा तेवढा ऐकू येतो. शिवाय डबे येणार कधी, हे त्या मेसेजमध्ये नव्हतंच. मी लिहिलं, ‘माफ करा काकू, डबे चुकून दुसऱ्या घरी गेले. नवे भरून निघालेत, 1:45 पर्यंत पोहोचतील.’ काकूंचं उत्तर आलं, ‘ठीक आहे.’ तेव्हापासून माझ्या टेबलावर एकच नियम आहे: वेळ सांगायचीच, सॉरी एकदाच म्हणायचं आणि त्यात एकही जादा अक्षर नको.

ताणायचंच असेल तर मराठीत त्याची सोय आहे. ‘खूऽप’मध्ये आपण स्वर लांबवतो, ‘कित्ती’, ‘मोठ्ठा’, ‘अस्सं’मध्ये व्यंजन दुप्पट करतो. रोमन लिपीत घाईनं टाइप करणारे मात्र हाताला लागेल ते शेवटचं अक्षर दाबून धरतात. `khuppp` मोठ्यानं म्हणून बघा. ओठ मिटले की ‘प’ लांबवायचा कसा? वाचणाऱ्याला कळतं, नाही असं नाही, पण `khuuup` कानात वाजतं, `khuppp` नुसतं डोळ्याला दिसतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली. एका जुन्या ग्राहक ताईंना मी वर्षभर ‘होऽऽ ताई!!’ असंच उत्तर देत होते. एकदा लग्नाच्या ऑर्डरच्या गडबडीत नुसतं ‘हो.’ गेलं. संध्याकाळी ताई दारात. “काही चुकलं का माझं? रागावून राहिली का?” ‘हो’मध्ये राग कुठेच नव्हता. पण समोरचा आपल्या शब्दाचा सूर आपल्याच कालच्या शब्दाशी ताडून बघतो. रोज दोन उद्गारचिन्हं देणाऱ्याचा पूर्णविराम म्हणजे आपटलेलं दार. म्हणून आता नव्या ग्राहकाशी पहिल्या दिवसापासून मी साधंच लिहिते. पुढे कधी आनंदाची गोष्ट असली तर एक उद्गारचिन्ह वाढवायला जागा राहते.

आता कॅपिटल अक्षरं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच, त्यामुळे ही भानगड फक्त रोमन मराठीची. `DABA NAKO` वाचून आमचा पोरगा म्हणाला, “हे काका भडकले.” काका अजिबात भडकले नव्हते. बँकेचे, रेल्वेचे फॉर्म कॅपिटलमध्ये भरण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना तेच नीटनेटकं वाटतं. अमेरिकेच्या हवामान खात्याचे अंदाजसुद्धा टेलिप्रिंटरच्या काळापासून कॅपिटलमध्येच निघत. ते बदलायला त्यांनी 2016 सालापासून सुरुवात केली. तेव्हा आधी त्या माणसाचे जुने मेसेज वर सरकवून बघावेत. सगळेच कॅपिटलमध्ये असतील तर ती सवय. एरवी लहान अक्षरांत लिहिणाऱ्याचा एकच शब्द `NAHI` असा आला, तर मात्र लगेच फोन लावावा. आपण स्वतः उत्तर देताना कॅपिटल वापरूच नये. काकांनी वापरली म्हणून आपणही वापरली की दोघं एकमेकांवर ओरडत असल्यासारखं दिसतं.

तीन उद्गारचिन्हांनंतरच्या चौथ्यानं काही वाढत नाही. ‘पैसे पाठवा!!!’ तर कधीच नाही, ती वसुली वाटते.

एक फोनची गंमत राहिली. देवनागरीत मात्रा पुन्हा पुन्हा दाबून ‘हो’ ताणायला गेलं तर काही फोनवर मधेच ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं, आणि आपल्या फोनवर नीट दिसलं तरी समोरच्याच्या फोनवर दिसेलच असं नाही. त्याऐवजी ‘होऽऽ’ लिहावं. ऽ हा अवग्रह कीबोर्डवर सापडत नसेल तर ‘होओओ’ चालतं.