कॉलवर स्क्रीन काळीच राहते? सेन्सर बंद करण्याची घाई करू नका

आईच्या फोनला नवा स्क्रीनगार्ड लावला आणि त्याच दिवशी तक्रार आली. नंबर लावला की स्क्रीन काळी, ती समोरच्याने फोन ठेवेपर्यंत तशीच. मी कॉल सेटिंगमध्ये जाऊन Proximity sensor बंद केला. स्क्रीन दिसू लागली, पण दोन दिवसांनी मावशी म्हणाली, "ताईचा आवाज मध्येच जातो." स्क्रीन चालू राहिल्याने आईचा गाल लागून म्यूट दाबलं जात होतं. एक बिघाड झाकायला मी दुसरा ओढवून घेतला होता.

बहुतेक फोनमध्ये हा सेन्सर वरच्या कडेला, कानाच्या स्पीकरजवळ असतो. तो न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. तो गालावरून परत आला की फोन स्क्रीन बंद करतो, गाल दूर गेला की चालू करतो. स्क्रीनगार्डची काळी पट्टी सेन्सरवर आली, काचेखाली हवा राहिली किंवा तिथे घामाचा तेलकट थर बसला, तर प्रकाश तिथूनच मागे फिरतो. मग फोनला गाल सतत जवळच वाटतो.

आधी कॉल स्पीकरवर टाकून बघा. स्पीकरवर असताना फोन सहसा या सेन्सरकडे लक्ष देत नाही, त्यामुळे तिथे स्क्रीन नीट चालली तर संशय सेन्सरवरच. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर `*#0*#` आणि शाओमीच्या फोनवर `*#*#6484#*#*` डायल केलं की चाचणीचा मेनू उघडतो. त्यात प्रॉक्सिमिटी निवडून वरच्या कडेवर हात न्या आणि काढा. आईच्या फोनवर हात नसतानाही "जवळ" असंच दिसत होतं. स्क्रीनगार्ड काढला, मऊ कोरड्या कापडाने कड पुसली, आणि हात काढताच "दूर" दिसू लागलं. वरची कड मोकळी सोडणारा स्क्रीनगार्ड लावून सेटिंग परत चालू केलं. आवाज जायचा थांबला.

चाचणीच्या मेनूत कॅलिब्रेशन दिसलं तरी काच मळकट असताना किंवा चुकीचा स्क्रीनगार्ड असताना ते करू नका. फोन तो अडथळाच नेहमीची स्थिती मानून बसू शकतो, आणि अडथळा काढल्यावर गाल ओळखत नाही. मग स्क्रीन गालावर उजळते.

सेटिंग चालू, काच साफ, तरी स्क्रीन गालावर उजळत असेल तर फोन धरायची पद्धत बघा. काळे दाट केस किंवा दाढी हा प्रकाश कमी परतवतात, म्हणून सेन्सरसमोर केस येऊ देऊ नका.

काही फोनमध्ये इन्फ्रारेड सेन्सरच नसतो, कानाच्या स्पीकरमधून सोडलेल्या न ऐकू येणाऱ्या आवाजावरून अंतराचा अंदाज घेतला जातो. तिथे काच पुसून काही होत नाही, स्पीकरची आणि माइकची भोकं मोकळी आहेत का ते बघा. डिस्प्ले बदलल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर फोन दुरुस्त करणाऱ्याकडे परत न्या आणि सेन्सरभोवतीचं रबर बसवलंय का ते विचारा.

तोवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये पॉवर बटणाने कॉल कट करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, म्हणजे स्क्रीन काळी असली तरी फोन ठेवता येईल.