पश्चिमेच्या खिडकीला काय लावावे : पडदा, ब्लाइंड की रोलर शेड?

दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेला असेल, तर तिच्यावर छज्जा असूनही दुपारनंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तोपर्यंत सूर्य खाली उतरलेला असतो आणि त्याचे किरण वरून न येता जवळजवळ समोरून काचेवर पडतात. उदाहरणादाखल 180 सेंमी रुंद आणि 135 सेंमी उंच, म्हणजे सुमारे 2.4 चौरस मीटरची खिडकी घेऊ. निरभ्र दुपारी अशा उभ्या काचेच्या दर चौरस मीटरवर 600 वॅट किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा पडू शकते, आणि साधी एकेरी काच त्यातला सुमारे 80 टक्के भाग आत सोडते. हिशेब केला तर ही एकच खिडकी उन्हाच्या भरात खोलीत 1,100 वॅटच्या आसपास उष्णता आणते. खोलीत एक हीटर चालू ठेवावा, तसाच हा प्रकार आहे.

निवड करण्याआधी ही उष्णता आत कशी अडकते, हे समजून घ्यावे. काच सूर्यप्रकाश सहज आत सोडते. मात्र तो प्रकाश कापडाने, फरशीने किंवा सोफ्याने शोषला की त्याची उष्णता होते, आणि ती काचेतून तशी सहज बाहेर जात नाही. म्हणून आतून लावलेले कोणतेही आवरण प्रकाश शोषण्याआधीच त्याला काचेतून परत पाठवू शकले, तरच ते खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. यावरून असे दिसते की कापडाच्या जाडीपेक्षा काचेकडे तोंड असलेल्या बाजूचा रंग अधिक महत्त्वाचा आहे. दोन्ही बाजूंनी गडद असलेला जाड ब्लॅकआउट पडदा खोलीत काळोख करतो, पण स्वतः तापतो आणि ती उष्णता संध्याकाळपर्यंत खोलीत सोडत राहतो. काळोख झाला म्हणजे गारवा आला, हा समज खरेदीच्या वेळी सर्वांत महागात पडतो.

पहिली पायरी म्हणजे एका निरभ्र दिवशी ऊन काचेला नेमके केव्हा लागते आणि खोलीत कुठपर्यंत पोहोचते, हे पाहून ठेवणे. सूर्य जितका खाली जातो, तितका उन्हाचा पट्टा खोलीत आत सरकतो. दुपारी फक्त खिडकीखालची फरशी तापते, तर सायंकाळी समोरची भिंतही उजळते. हे पाहिल्यावर तिन्ही पर्यायांची तुलना करणे सोपे जाते.

आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड दिसायला सोयीचा वाटतो, आणि सूर्य उंच असताना तो खरोखरच चांगले काम करतो. पट्ट्यांची बाहेरची कड खाली झुकवली, की थेट ऊन अडते आणि फटींतून खालचे दृश्यही दिसत राहते. पश्चिमेच्या खिडकीत मात्र अडचण येते ती उत्तरार्धात. सूर्य क्षितिजाच्या जवळ आला की किरण जवळजवळ आडवे येतात, पट्ट्या पूर्ण मिटवाव्या लागतात आणि ब्लाइंडचा मुख्य फायदाच उरत नाही. शिवाय दर थोड्या वेळाने कोन बदलत बसणे कोणालाही रोज जमत नाही. खोलीत दुपारभर माणूस असेल आणि बाहेरचे दृश्य हवेच असेल, तर पांढऱ्या पट्ट्यांचा ब्लाइंड घ्यावा. एरवी पश्चिमेसाठी तो माझी पहिली पसंती नाही.

रोलर शेडमध्ये दोन प्रकारची कापडे मिळतात. एक जाळीदार सनस्क्रीन, ज्याच्या विणीतल्या मोकळ्या जागेचे प्रमाण 1, 3, 5 किंवा 10 टक्के असे सांगितले जाते; दुसरे पूर्ण बंद ब्लॅकआउट. मावळतीकडे झुकलेला सूर्य थेट डोळ्यांसमोर येत असल्याने 10 टक्क्यांची जाळी इथे चालत नाही. 1 ते 3 टक्क्यांचीच घ्यावी. गडद जाळीतून बाहेरचे अधिक स्पष्ट दिसते, पण ती जास्त तापते. फिकट जाळी उष्णता परतवते, पण स्वतःच चकाकते. दोन्ही साधायचे असेल, तर काचेच्या बाजूने पांढरे किंवा चंदेरी आणि खोलीच्या बाजूने गडद असे दुहेरी कापड मागावे. दुकानात नमुना हातात आला की तो उलटून मागची बाजू पाहावी, कारण शेवटी उन्हाला तीच बाजू सामोरी जाणार असते.

चौकटीच्या आत बसवलेल्या रोलरच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेटमुळे फट राहते. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे मिळून साडेतीन सेंमी फट धरली, तर ती खिडकीच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम 2 टक्के होते. उष्णतेच्या दृष्टीने हे किरकोळ आहे, पण त्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप डोळ्यांना फार त्रास देते. जागा असेल, तर रोलर चौकटीबाहेर भिंतीवर बसवावा आणि दोन्हीकडे 10 सेंमी जास्त, म्हणजे 200 सेंमी रुंदीचे कापड घ्यावे. आतच बसवायचा असेल, तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून त्यांतली सर्वांत कमी नोंदवावी. साखळी ओढायची असेल आणि घरात लहान मुले असतील, तर ती भिंतीला ताणून बसवून घ्यावी.

पडद्याचे बलस्थान म्हणजे तो फटी झाकतो. त्याची उणीव म्हणजे काच आणि कापड यांच्यामध्ये तापलेली हवा वर चढून दांडीवरून खोलीत येते आणि खालून दुसरी हवा आत ओढली जाते. म्हणून दांडी चौकटीच्या बरीच वर लावावी, शक्य असल्यास वरून पेलमेटने झाकावी, आणि पडद्याच्या बाजू भिंतीपर्यंत न्याव्यात. अस्तर पांढरे किंवा फिकट असावे. खोलीकडचे कापड मग आवडेल त्या रंगाचे घेता येते. चुण्या नीट पडण्यासाठी दांडीच्या दुप्पट कापड लागते : 220 सेंमी दांडीसाठी 440 सेंमी. कापडाचा पन्हा 137 सेंमी असेल, तर चार पाट, प्रत्येक बाजूला दोन, घ्यावे लागतील. कापड काचेला चिकटू देऊ नये. विशेषतः रंगीत काच असमान तापली, तर तिला तडा जाऊ शकतो.

माझ्या मते अशा खोलीत काचेकडून पांढरा असलेला रोलर आणि त्यावर फिकट अस्तराचा पडदा ही जोडी सर्वांत योग्य ठरते. खर्च एकाच वस्तूचा करायचा असेल, तर रोलर घ्यावा. ऊन काचेला लागण्याआधी तो खाली सोडावा. फरशी आणि सोफा तापल्यानंतर सोडला, तर साठलेली उष्णता आतच राहते. ऊन सरल्यावर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली, की सर्व आवरणे आणि खिडक्या उघडाव्यात.

बसवून झाल्यावर भर उन्हात आवरणाच्या खोलीकडच्या बाजूला तळहात जवळ धरावा. झळ स्पष्ट जाणवली, तर कापड प्रकाश परतवण्याऐवजी शोषते आहे. त्याची मागची बाजू पांढरी असूनही असे होत असेल, तर काच रंगीत आहे का, ते पाहावे, कारण परत निघालेला प्रकाश अशी काच वाटेतच शोषते आणि तापते. तेव्हा आतले कापड बदलून फारसा फरक पडणार नाही. काचेच्या बाहेरून जाळी किंवा बाहेरचा रोलर बसवावा लागेल.