एकत्र कुटुंबाचं घर बांधताय? दार, वाट आणि कूलरच्या या चुका टाळा

दोन मुलगे, दोघांची लग्नं झालेली, आईवडील सोबत, नातवंडं. कापसाचे पैसे आले की घर काढायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो, "खोल्या किती निघतील?" हाच प्रश्न घराचा घात करतो. चार खोल्या असूनही कोणाला कडी लावून निजता येत नाही, अशी घरं वर्धा-यवतमाळकडच्या गावोगावी उभी आहेत. आधी विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता म्हातारा माणूस संडासला कोणत्या वाटेने जाईल?

खोलीतून खोलीत जाणारी वाट

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. गावठाणातला प्लॉट अरुंद आणि लांब असतो. मिस्त्री समोरून सुरुवात करतो: बैठक, मग आईवडिलांची खोली, मग थोरल्याची, मग धाकट्याची, शेवटी स्वयंपाकघर आणि मागे संडास-न्हाणी. सगळी दारं एका रेषेत. जागा वाया जात नाही म्हणून सगळे खूश.

वर्धा जिल्ह्यातल्या एका घरात नेमकं असंच झालं. 22 फूट रुंद, 60 फूट लांब, वर स्लॅब. आबाजींना रात्री दोनदा उठावं लागायचं आणि वाट दोन्ही सुनांच्या खोल्यांतून. ते अंधारात खाकरत जायचे, म्हणजे आपण येतोय हे कळावं. थोरल्याने कडी लावणंच सोडलं. धाकटी सून उन्हाळाभर सासूजवळ निजू लागली. पुढे आबाजी संध्याकाळनंतर पाणी पिईनासे झाले, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं की हा त्रास भिंतींचा आहे.

दुरुस्ती झाली ती अशी. एका बाजूने सलग साडेतीन फुटांची वाट काढली. त्यासाठी प्रत्येक आडव्या भिंतीत तेवढं भगदाड पाडावं लागलं. या भिंतींवर स्लॅबचा भार असतो, म्हणून आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग भगदाड, मग लिंटेल, आणि लिंटेल पक्कं झाल्यावरच टेकू काढले. मधली जुनी दारं विटांनी बुजवली. वाटेच्या कडेने साडेचार इंची भिंत घेऊन प्रत्येक खोलीला त्या बाजूने नवीन दार दिलं. खोल्या चार फुटांनी अरुंद झाल्या, एकही कमी झाली नाही. हेच चुना टाकताना ठरवलं असतं तर एक वीटही फोडावी लागली नसती. पण चुना टाकायच्या दिवशी सगळ्यांना नारळ फोडायची घाई असते.

नवीन बांधणाऱ्यांसाठी 30 बाय 60 च्या प्लॉटवर आम्ही धरतो ती मांडणी सांगतो. रस्ता पश्चिमेला आहे असं समजा. समोर ओसरी आणि तिला लागून आईवडिलांची खोली. मध्ये आंगण. दक्षिणेच्या कडेला आधी 4 फुटांची सांद मोकळी सोडायची, मग दोन जोडप्यांच्या खोल्या, प्रत्येकी 10 बाय 12, आणि त्यांच्यापुढे 4 फुटांची सपरी. उरलेलं साधारण 10 बाय 30 चं आंगण. दोन खोल्यांच्या मध्ये साडेचार फुटांची धान्याची कोठी ठेवायची. पोती भरलेली कोठी आवाज अडवते, तेवढा नुसती भिंत अडवत नाही. स्वयंपाकघर मागे, पूर्वेला. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे चुलीचा धूर आंगणात न फिरता मागे निघून जातो. सगळी दारं सपरीत किंवा आंगणात उघडतात, एकाही खोलीतून दुसरीत जावं लागत नाही.

दाराचं बिजागर पलंगाच्या बाजूला लावा. दार अर्धं उघडलं तरी फळी आड येते आणि सपरीतून जाणाऱ्याला पलंग दिसत नाही. सुतार सवयीने उलटं लावतो, तिथे उभं राहून सांगावं लागतं.

पत्र्याखाली अर्धी सोडलेली भिंत

टिनाच्या घरात मधली भिंत सात-आठ फुटांवर थांबवतात आणि वरची फट तशीच ठेवतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, "भाऊ, हवा खेळाले पाहिजे ना!" हवा खेळते, सोबत कुजबुजही खेळते आणि दिव्याचा उजेडही. भिंत पत्र्यापर्यंत न्या. मात्र मसाला थेट पत्र्याला चिकटवू नका. उन्हात पत्रा पसरतो, रात्री आकसतो आणि एकाच उन्हाळ्यात तडा जातो. वर फोमची पट्टी ठेवून पत्र्याच्या नाळ्या त्यानेच बुजवा. रात्री एका खोलीत दिवा लावून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत उभे राहा आणि वर पाहा. जिथून उजेड येतो, तिथून आवाजही येतो.

कूलरची जागा न ठरवणं

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आपल्या घरांचा सगळा खाजगीपणा कूलरवर येऊन अडतो, आणि नकाशा काढणारे नेमकं हेच विसरतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होतं. खोलीला एकच खिडकी असेल आणि तिच्यात कूलर बसला, तर दार उघडं ठेवण्याशिवाय इलाज नाही. मग जोडपं पडदा लावून निजतं, नाहीतर सगळं घर बैठकीतल्या एका कूलरपुढे गाद्या टाकतं.

म्हणून ती 4 फुटांची सांद. कूलर सांदीतल्या खिडकीवर, बाहेर लोखंडी स्टँडवर. दोन फुटी कूलर बसल्यावरही मागून हवा ओढायला जागा राहते आणि नळीने पाणी भरता येतं. समोरच्या भिंतीत, दाराच्या वर, कूलरच्या तोंडाएवढी तरी जाळी द्या. हवा तिथून सपरीत निघते, जाळी उंचावर असल्याने कोणाला आत दिसत नाही आणि दाराला कडी लागते. कूलर सपरीत ठेवून आत तोंड करणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. आंगणात बसलेल्यांना रात्रभर घरघर, आणि शेजारच्या खोलीतून निघालेली दमट हवा तोच परत ओढतो.

बाकीचं थोडक्यात. न्हाणीचं दार स्वयंपाकघरात उघडू नका. माठ सपरीत ठेवा, म्हणजे पाण्यासाठी पोरं आणि पाहुणे ओट्याजवळ येत नाहीत. दोन सुना एकत्र रांधणार असतील तर समोरासमोरच्या ओट्यांमध्ये 4 फूट ठेवा. आंगणावर पूर्ण टिन टाकायचा मोह आवरा, नाहीतर सपरीत निघणारी दमट हवा तिथेच कोंडते. नातवंडं लहान आहेत म्हणून त्यांची खोली विसरू नका. ओसरीच्या एका टोकाला आठ-नऊ फुटांची भिंत आणि दार आधीच धरून ठेवा.

आणि एक संडास समोर, आईवडिलांच्या खोलीला लागून द्याच. "समोर संडास बरा दिसत नाही" म्हणणारा रात्री आबाजींना धरून मागे नेणार नसतो. त्याची टाकी मागे असेल तर 4 इंची पाइपला दर 40 फुटांमागे एक फूट उतार धरा आणि वळणावर चेंबर ठेवा. जोत्याची उंची ठरवायच्या आधी हा उतार मोजा. जोतं झाल्यावर मोजला तर पाइप पुरेसा उतरत नाही आणि संडास पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो.